रात्रपाळी आणि पहाटेची धाव : एका प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

रात्रभर जागून काम करणारा मनुष्य सकाळी पाळी सुटल्यावर घरी न जाता अर्धा तास धावतो, आणि त्या धावण्यात आपल्याला जी शांती लाभते ती दुसऱ्या कशातही लाभत नाही, असे मनापासून सांगतो. ऐकावयास ही गोष्ट एखाद्या लघुकथेसारखी सोपी वाटते. परंतु निद्राशास्त्राच्या अभ्यासकासमोर तीच हकीकत ठेवली, तर तो प्रथम विचारील की हा मनुष्य घरी जाऊन किती तास झोपतो. श्रमिकांच्या आरोग्याचा विचार करणारा विचारील की याला रात्रपाळीच एवढी का करावी लागते. आणि ज्याने स्वतः अशी धाव अनुभवली आहे त्याला या दोन्ही पृच्छा मुद्द्याबाहेरच्या वाटतील. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी आहेत. त्या आज कोठवर येऊन ठेपल्या आहेत आणि त्यांच्यात खरा मतभेद किती आहे, याची तपासणी येथे करावयाची आहे. विवेचन अधांतरी राहू नये म्हणून चांदूर बाजारच्या एका जिनिंगमधील कामगाराची एका हंगामाची हकीकत मध्यभागी ठेवली आहे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

पूर्वपीठिका

वऱ्हाडात रात्रीचे काम नवे नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतात जागल करणे हा येथील जुना शिरस्ता आहे. अलीकडच्या काळात कृषिपंपांना आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री वीज मिळू लागल्याने कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री उठून संत्र्याच्या बागेला ओलीत करणे हेही कित्येकांच्या नित्याचे झाले. तथापि घड्याळाच्या ठोक्याला बांधलेली, यंत्राशी जखडलेली रात्रपाळी आली ती कापसाबरोबर. 1853 मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या अंमलाखाली गेला आणि 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेला पोहोचेनासा झाल्यावर वऱ्हाडच्या कापसाला जी मागणी आली, तिच्या पाठोपाठ रेल्वे आली आणि रेल्वेच्या पाठोपाठ रेचे आले. जिनाचा हंगाम थोडक्या महिन्यांचा असतो, कापसाच्या गंज्या अंगणात उघड्यावर पडलेल्या असतात, आणि मालकाला त्या पावसाळी ढग दिसण्यापूर्वी संपवावयाच्या असतात. यंत्र रात्रंदिवस चालविण्याची निकड यातूनच उत्पन्न झाली. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने आपल्या कक्षेबाहेरच ठेवले होते, ही बाब हंगामी कामगाराच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

धावण्याची परंपराही या भागात परकी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आज मात्र तालुक्याच्या गावी पहाटे धावताना जे तरुण दिसतात, ते बहुतांशी पोलीस भरतीची किंवा सैन्याची तयारी करणारे असतात. लोक त्यांना ‘भरतीची पोरं’ म्हणतात. त्यांचे धावणे 1600 मीटरच्या वेळेशी बांधलेले आहे. मनाच्या शांतीसाठी धावणे ही कल्पना त्यांच्यातून येत नाही. ती येते ती पहाटेच्या माहात्म्यातून, म्हणजे ब्राह्ममुहूर्ताच्या जुन्या शिकवणीतून, आणि याच जिल्ह्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजविलेल्या सामुदायिक ध्यानाच्या संस्कारातून. या शिकवणीत पहाटे जागे होणारा मनुष्य रात्री झोपलेला आहे असे गृहीत धरलेले असते. रात्रपाळीच्या कामगाराची पहाट हा त्याच्या दिवसाचा शेवट असतो. या विषयावरील पुष्कळसा गोंधळ येथूनच सुरू होतो.

या ठिकाणी आयुर्वेदाचे मत नोंदविणे अवश्य आहे, कारण त्याचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा आणि तो थंडीच्या व वसंताच्या दिवसांत करावा, असे वाग्भटाचे सांगणे आहे. त्याच वाग्भटाने, सवय नसताना रात्री जागरण घडलेल्या मनुष्याने सकाळी काही न खाता जागरणाच्या निम्मा वेळ झोपावे, अशीही तजवीज सांगितली आहे. चरकाने तर अतिरेक टाळावयाच्या गोष्टींची जी यादी दिली, तीत व्यायाम आणि जागरण ही दोन्ही आहेत. जागरणावर व्यायामाचा थर चढविणाऱ्याला शास्त्राने सरसकट अनुज्ञा दिली आहे असे म्हणवत नाही, आणि सरसकट मज्जाव केला आहे असेही म्हणवत नाही. मात्रा पाहावी, एवढेच त्यातून निघते.

एका हंगामाची हकीकत

आमचा हा कामगार पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, रेच्यांवर कापूस घालणाऱ्या टोळीत. पाळी रात्री दहा ते सकाळी सहा. रेच्यांच्या ओळीत उभे राहिले की शेजारच्या माणसाशी बोलण्यासाठी त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, ते भुवयांवर आणि मिशांवर बसतात, आणि पहाटेच्या सुमारास पिवळ्या दिव्याखाली सर्व टोळी अकाली पिकलेल्या केसांची दिसते. सहाचा भोंगा झाला की यंत्र थांबत नाही. फक्त माणसे बदलतात. बाहेर आल्यावरही कानांत तो आवाज घुमत राहतो आणि घरी जाऊन अंथरुणावर पडले तरी अंगातील थरथर जात नाही, ही त्याची मूळ तक्रार होती.

नोव्हेंबरमध्ये, हंगाम लागून पंधरा दिवस झाले असतील नसतील, तो घरी जाण्याच्या वाटेवर मैदानात भरतीच्या पोरांबरोबर सहज धावला. त्याने स्वतः मला सांगितले ते असे : ‘‘गुर्जी, पयल्या दिवशी चार चकरा मारल्या न् कानातला रेचा बंद झाला. डोकं असं निवलं का काय सांगू. पन घरी गेलो तं डोयाले डोया नाही.’’ या तीन वाक्यांत साऱ्या प्रश्नाचे मर्म आले आहे. डोके निवले, आणि झोप आली नाही.

पुढील तीन आठवडे त्याने पोरांच्या वेगाने धावण्याचा हट्ट धरला. सव्वासहाला मैदानावर, पावणेसातपर्यंत धावणे, मग पोरांबरोबर टपरीवर चहा, नंतर उन्हात बसून थोड्या गप्पा, आणि आठच्या पुढे घर. नऊला झोपावे तर बाराच्या सुमारास जाग यावी. मुलांच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तो झोपेचे तास लिहीत असे. त्या पानावर तीन, साडेतीन, तीन, अडीच असे आकडे एकाखाली एक आहेत. डिसेंबरच्या आरंभी एका पहाटे कापसाच्या गंजीवर उभ्या उभ्या त्याला पेंग आली. तो पडला तो कापसावर पडला म्हणून निभावले. मुकडदमाने त्याला बाजूला घेऊन, एक तर रात्र नीट कर नाही तर धावणे सोड, असे बजावले.

त्याने दोन्ही न सोडता क्रम बदलला. भोंगा होताच तोंडावर पाणी मारून तो सहा वाजून दहा मिनिटांनी निघू लागला. मैदान सोडून घराच्या दिशेनेच रस्त्याच्या कडेने सावकाश धावू लागला, इतके सावकाश की शेजारी सायकलवर चाललेल्या साथीदाराशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत. पंचवीस मिनिटांत घर. टपरीवरचा चहा बंद. घरी कोमट पाण्याने अंग धुवून, थोडे दूध-भाकर खाऊन, खिडकीला जुनी गोधडी टांगून तो सव्वासातच्या आत आडवा होऊ लागला. त्याच पानावर जानेवारीतले आकडे साडेपाच, सहा, पाच, सहा असे आहेत. धाव कायम होती आणि शांतीही तीच होती, परंतु झोप जवळजवळ दुप्पट झाली. हा फरक कशाने पडला, याचे उत्तर पुढील दोन पक्षांच्या विवेचनात मिळते.

शांती कशाने येते

धावण्याने येणाऱ्या सुखाचे श्रेय बराच काळ शरीरात तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांना, म्हणजे एंडॉर्फिनांना, दिले जात असे. 2008 मध्ये जर्मन संशोधकांनी दोन तास धावलेल्या धावपटूंच्या मेंदूचे चित्रण करून त्या मताला बळकटी दिली. नंतर मात्र दुसरा विचार पुढे आला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात 63 जणांना एकदा धावावयास व एकदा चालावयास लावले, आणि त्यांच्यापैकी काहींना एंडॉर्फिनाचा परिणाम रोखणारे औषध आधी दिले. औषध घेतलेल्यांनाही धावल्यानंतर चिंता कमी झाल्याचा व प्रसन्नतेचा अनुभव तसाच आला, आणि त्यांच्या रक्तात शरीर स्वतःच बनविते अशी गांजासदृश द्रव्ये वाढलेली आढळली. चालण्याने तो परिणाम तितका झाला नाही. म्हणजे शांतीचा अनुभव खरा आहे, त्यास शारीरिक अधिष्ठान आहे, आणि तो दीर्घ व दमछाक करणाऱ्या शर्यतीवर अवलंबून नाही. त्या प्रयोगातील धाव पाऊण तासाची होती.

तथापि या प्रयोगांतील माणसे रात्रभर रेच्यापुढे उभी राहिलेली नव्हती. आमच्या कामगाराची शांती निव्वळ रक्तातील द्रव्याची आहे, की आठ तासांच्या कर्णकटू गोंगाटानंतर मोकळ्या हवेतील नीरवतेची आहे, की कारखान्यातला मनुष्य आणि घरातला मनुष्य यांच्यामध्ये पडलेल्या अर्ध्या तासाच्या एकांताची आहे, हे कोणत्याही प्रयोगाने वेगळे करून दाखविलेले नाही. मला स्वतःला या तिसऱ्या कारणाचा वाटा मोठा वाटतो. पाळी सुटल्यावर बायकोला रात्रीचा वैताग न सांगता घरात शिरता येते, असे तो एकदा बोलून गेला होता. जे हा पहिला, शांतीचा पक्ष मांडतात त्यांचे म्हणणे असे की झोपेचे तास मोजणाऱ्यांनी या गोष्टीला किंमत द्यावी, कारण चिडलेल्या मनाने आडवे झालेल्या माणसाचे तास मोजून काही साधत नाही. हे म्हणणे टाकाऊ नाही.

झोपेच्या बाजूचा आक्षेप

दुसरा पक्ष निद्रा आणि दैनिक लय यांच्या अभ्यासकांचा. त्यांचा आक्षेप धावण्यावर जितका आहे त्याहून अधिक सूर्यप्रकाशावर आहे, आणि हा बारकावा वृत्तपत्री लेखांतून बहुधा निसटतो. मनुष्याच्या मेंदूत एक घड्याळ आहे. त्याच्या तालावर अंगाचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जाते आणि मग दिवसभर चढत राहते. तापमान चढत असताना झोप धरत नाही, म्हणूनच रात्रपाळीचा कामगार दमलेला असूनही दिवसा पुरेसा झोपू शकत नाही. हे घड्याळ मागेपुढे सरकविणारी सर्वांत प्रबळ गोष्ट म्हणजे डोळ्यांवर पडणारा प्रकाश. तापमानाच्या तळबिंदूनंतर पडलेला तीव्र प्रकाश घड्याळाला सांगतो की दिवस उजाडला, जागा हो. रात्री काम करणाऱ्याचे घड्याळ अलीकडे येण्याऐवजी उशिराकडे ढकलले जाणे हवे असते. सकाळचे ऊन त्याला नेमके उलट्या दिशेला खेचते.

1990 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स चाइस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, रात्री कामाच्या जागी प्रखर प्रकाश आणि सकाळी घरी पूर्ण अंधार अशी योजना करून रात्रपाळीतील माणसांचे हे घड्याळ खरोखरच सरकविता येते, असे दाखविले. शार्मेन ईस्टमन यांनी पुढे मध्यममार्ग सुचविला : घड्याळ पूर्णपणे उलटे न करता तळबिंदू सकाळी दहाच्या आसपास आणावा, म्हणजे सकाळची झोपही मिळते आणि सुटीच्या दिवशी घरच्यांबरोबर जागेही राहता येते. या मार्गातील मुख्य साधन म्हणजे पाळी सुटल्यावर घरी जाताना गडद काळा चष्मा. काळा चष्मा घालून घरी जावे असे सांगणारा शास्त्रज्ञ आणि सूर्य उगवताना मोकळ्या मैदानात धावणारा कामगार यांच्यातला विरोध वरवर पाहता आत्यंतिक आहे.

व्यायाम स्वतःही घड्याळ हलवितो, पण प्रकाशाहून कमी. 2019 मध्ये शॉन यंगस्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 101 जणांना दिवसाच्या आठ वेगवेगळ्या वेळी तासभर व्यायाम करावयास लावून पाहिले, तेव्हा सकाळी सातचा व्यायाम घड्याळ अलीकडे आणतो आणि संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यानचा व्यायाम ते उशिराकडे नेतो, असे दिसले. ही माणसे दिवसा जगणारी होती, हे ध्यानी घेऊनही या निष्कर्षाने रात्रपाळीवाल्याच्या पहाटेच्या धावेचा पक्ष दुबळा होतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. उलट, फिनलंडमध्ये मिक्को हार्मा यांनी 1988 मध्ये पाळ्यांत काम करणाऱ्या परिचारिकांना चार महिने मध्यम प्रतीचा व्यायाम देऊन पाहिला तेव्हा त्यांचा थकवा कमी झाल्याचे आढळले. व्यायाम हवा की नको हा वादाचा मुद्दाच नाही. वाद आहे तो वेळेचा.

आता आपल्या गावच्या आकाशाकडे पाहिले म्हणजे आमच्या कामगाराच्या वहीतील आकडे उलगडतात. चांदूर बाजारला जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहापर्यंत चांगला अंधार असतो. सहा दहाला निघून सहा पस्तीसला घरात शिरणारा मनुष्य उजाडण्याच्या उंबरठ्यावर आत येतो. त्याच्या डोळ्यांवर पहाटेचा मंद उजेड पडतो, उन्हातले हजारो लक्स पडत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यास मात्र सूर्योदय साडेसहाला आहे, आणि तो तर सात-आठपर्यंत टपरीसमोर उन्हात बसत होता. धावण्याची गतीही उतरली होती, त्यामुळे अंगाची वाढलेली ऊब लवकर निवळली. रात्रीच्या जागरणावर चढविलेली शर्यत आणि तीच धाव सावकाश केलेली, यांत शरीराच्या हिशेबाने फार अंतर आहे. काही अंशी हा आमच्या हंगामाचा आणि आमच्या रेखांशाचा योगायोग आहे. कापसाचा मोसम नेमका अशा महिन्यांत येतो की ज्यांत पाळी सुटल्यावर अंधाराची एक लहानशी फट उरते.

ही फट फार वेळ टिकत नाही. फेब्रुवारीअखेर सूर्योदय सहा चाळीसवर येतो आणि मार्चच्या विषुवदिनाला तो सव्वासहाच्या थोडा पुढे असतो, म्हणजे भोंगा होतानाच पूर्व उजळलेली असते. त्या महिन्यात त्याच्या वहीतले आकडे पुन्हा साडेचारवर आले. मग त्याने पहाटेची धाव सोडून संध्याकाळी साडेसातला, कामावर जाण्यापूर्वी धावावयास आरंभ केला. ती शास्त्राला अधिक मानवणारी वेळ होती आणि झोपही सुधारली. पण त्याचे म्हणणे असे : ‘‘सांजचं धावनं म्हंजे अंगाले तेल लावल्यावानी. पहाटंचं म्हंजे आंघोय.’’ या उत्तरापुढे आकड्यांना थोडे थांबावे लागते.

कामगाराच्या बाजूचे म्हणणे

तिसरा पक्ष म्हणतो की धावण्याची ही सारी चर्चा कामगाराच्या खांद्यावर आणखी एक ओझे टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, आणि पुन्हा 2019 मध्ये, रात्रपाळीचे काम मनुष्यात कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींच्या गटात ठेवले आहे. धोका कामाच्या वेळेत असताना त्यावरचा उतारा कामगाराने आपल्या झोपेच्या वेळेतून काढावा, हे न्याय्य नव्हे, असे या पक्षाचे मत आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमात रात्रपाळीसाठी जे स्वतंत्र कलम होते, त्यात मध्यरात्रीनंतर चालणाऱ्या पाळीची साप्ताहिक सुटी पाळी संपल्यापासून सलग चोवीस तासांची धरावी, एवढीच मुख्य तरतूद होती. झोप, विश्रांतीची जागा किंवा पाळी बदलण्याचा क्रम यांविषयी त्या कलमात काही नव्हते.

या पक्षाचा जिनिंगपुरता एक मुद्दा मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा विकार सुताच्या गिरण्यांत अधिक आढळत असला तरी जिनातही संभवतो. त्याची खूण अशी की सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा पुढे सरकतो तसा त्रास कमी वाटू लागतो. कमी वाटतो म्हणून तो गेला असे होत नाही. ज्याला छाती अशी आवळल्यासारखी वाटते त्याने पाळीनंतर जोरात धावून खोल श्वास घेण्याआधी फुप्फुसांची तपासणी करून घेणे आवश्यक आहे, आणि त्या तपासणीचा खर्च त्याचा नसावा. शांतीसाठी धावणाऱ्याला दम लागला तर तो स्वतःला अशक्त समजतो. पुष्कळदा अशक्तपणा शरीरात नसून हवेत असतो.

रस्त्याचाही विचार याच पक्षाने केला आहे. सतरा तास जागा असलेल्या मनुष्याची सावधानता मद्याच्या किंचित अमलाखालील मनुष्याइतकी उतरते, असे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन व कॅथरीन रीड यांनी दाखविले. दुपारी एकला उठून सकाळी सहाला पाळीवरून सुटणारा कामगार बरोबर त्या सतरा तासांवर उभा असतो. हंगामात त्याच वेळी रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्या आणि संत्र्याचे ट्रक असतात, त्यांतल्या काहींचे चालकही रात्रभर जागलेले असतात. आमच्या कामगाराची सावकाश गती आणि सायकलवरचा साथीदार ही त्यामुळे केवळ सोय नव्हती. समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावण्याचे आणि पांढरा दुपट्टा पाठीवर बांधण्याचे त्याला त्या साथीदारानेच सुचविले.

काय अनिर्णीत आहे

जी प्रयोगसिद्ध माहिती आज हाती आहे ती परिचारिका, विद्यार्थी व दिवसा जगणारी स्वेच्छाप्रयोगी माणसे यांच्यावरून गोळा केलेली आहे. रात्री आठ तास उभ्याने अंगमेहनत केलेल्या मनुष्याच्या पहाटेच्या धावेचा विचार तिच्यात जवळजवळ नाही. त्याला आणखी व्यायामाची गरज आहे की केवळ मंद गतीने अंग सैल करण्याची, हा प्रश्न खुला आहे. वर्षातील चार-पाच महिने रात्री आणि उरलेले दिवसा जगणाऱ्या हंगामी कामगाराचे घड्याळ वर्षानुवर्षे काय सोसते, हेही खुले आहे. स्त्रियांचा प्रश्न तर अद्याप मांडलाच गेलेला नाही. तालुक्याच्या रुग्णालयात रात्र काढणाऱ्या परिचारिकेला पहाटे सहाच्या अंधारात रस्त्याने एकटीने धावणे शक्य आहे काय, याचे उत्तर शरीरशास्त्रात नाही, आणि शांतीच्या पक्षाने ते दिलेले नाही.

उलट ज्या गोष्टी आता पुरेशा स्पष्ट आहेत त्यांवर तिन्ही पक्ष, आपापल्या शब्दांत का होईना, एकत्र येतात. धाव सावकाश असावी, बोलता येईल इतकी. ती अर्ध्या तासाच्या आत आटोपावी आणि घराच्या दिशेने संपावी. ऊन चढण्यापूर्वी डोळे झाकले जावेत, आणि त्यानंतर लगेच अंधारी खोली मिळावी. शांती लाभली की नुसती गुंगी आली, याची ओळख बिछान्यावर होते. आडवे झाल्यावर थोड्या वेळात डोळा लागला आणि निदान पाच तास टिकला, तर ती शांती. छाती धडधडत राहिली आणि तीन तासांत जाग आली, तर त्या दिवशीची धाव जास्त झाली किंवा उशिरा झाली. यासाठी कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही. वहीचे एक मागचे पान पुरते.

माझा स्वतःचा कल असा आहे की पहाटेच्या धावेला झोपेचा शत्रू ठरविणारे आणि तिला सर्व दुःखांवरचा उतारा मानणारे, दोघेही सूर्योदयाची वेळ पाहावयास विसरतात. चांदूर बाजारच्या कामगाराला डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती धाव निःशंकपणे घेता येईल. त्याच्या पुढे ती संध्याकाळी न्यावी, मग ती आंघोळीसारखी वाटो वा न वाटो. जिनवाल्यांना एक विनंती करावीशी वाटते की हंगामाच्या उत्तरार्धात पाळी सहाऐवजी पाचला सोडण्याचा विचार त्यांनी करून पाहावा. रेचा तेवढाच चालतो, माणसे तेवढीच लागतात, आणि कामगाराला अंधाराचा एक तास अधिक मिळतो.

या वर्षी होळीनंतर दहा-बारा दिवसांत जिनातील शेवटची गंजी संपली. त्या दिवशी तो धावला नाही. सहाला सुटून चालत घरी गेला आणि दुपारी दोनपर्यंत झोपला. वहीच्या पानावर त्या दिवसापुढे साडेसहा असा आकडा आहे.